नेट लावून दाखव

आपल्याला खोटारडी म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं सत्यशीला अधूनमधून भावाला ऐकवायची. तो माणूस केव्हाच जन्मला होता. बिडकीनला राहत होता, आणि एका गुरुवारी सकाळी शहरातल्या पैठण गेटच्या गल्लीतला अरुंद जिना चढून तिच्या दुकानात आला. नाव नानासाहेब. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. शेजाऱ्याचा मेलेला उंदीर त्याचा त्याला परत द्यावा, तसा त्यांनी तो काउंटरवर ठेवला.

"दुकान कोणाचं हे?"

"माझं अन् माझ्या भावाचं. बसा ना काका."

"बसायला नाय आलो. चोरीचा माल इकता व्हय गं तुम्ही?"

सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर ठीक, पण तिला?

हे दुकान जुने लॅपटॉप घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि ऑनलाइन विकायचं. थोरला भाऊ रामहरी माल आणायचा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचा. तपासणी, फोटो, वर्णन आणि गिऱ्हाइकाची बोलणी खाणं ही सत्यशीलाची खाती. वर्णन तर ती असं लिहायची की वाचणाऱ्यानं दचकावं. झाकणावर डाव्या कोपऱ्यात ओरखडा आहे, फोटो बघा. बॅटरी सत्तर टक्के उरली आहे, दिवसभर चालेल अशी आशा धरू नका. 'ई'चं बटण जरा दाबून मारावं लागतं. बिजागरी ढिली होती, घट्ट केली आहे, पण एका हातानं झाकण उघडू नका. बाजारातले बाकीचे लोक भंगारालाही 'एकदम नव्यासारखा' लिहीत, आणि ही बया चांगल्या मालाची कुंडली मांडून बसे.

"तू इकायला लिहायलीस का पोरीचं स्थळ मोडायला?" रामहरी चिडवायचा.

पण माल खपायचा. लोक वाचायचे, हसायचे आणि मागवायचे. घरी पोचलेला लॅपटॉप वर्णनाहून बरा निघायचा, त्यामुळं सात दिवसांत परत पाठवायची सोय असूनही परत येणारा माल नगण्य. वर सहा महिन्यांची वॉरंटी. तिचा सगळा तोरा ह्या एका गोष्टीवर होता, की आपण काही लपवत नाही. आणि आता हे गृहस्थ उभे.

"काका, आमच्याकडं प्रत्येक मशीनचं पक्कं बिल असतंय," ती म्हणाली. आवाज चढला होता, तिनं तो उतरवायचा प्रयत्नही केला नाही. "चोरीचा शब्द परत काढू नका."

"मग हे काय हाय ते सांग."

नानासाहेबांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर वाळूजच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका मोठ्या कंपनीचं चिन्ह होतं, आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं की कंपनीत आपलं स्वागत आहे, आपला ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाका. त्याच्या पुढं काही जात नव्हतं.

झालं होतं ते असं. नानासाहेबांची मुलगी संस्कृती शहरातल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. चार महिने लॅपटॉप झकास चालला, मग मंद झाला. प्रॅक्टिकलच्या तासाला सरांनी सांगितलं, सगळं पुसून पहिल्यासारखा कर. तिनं कॉलेजचं नेट लावून तसं केलं, आणि सगळ्या वर्गासमोर पडद्यावर कंपनीचं नाव उभं राहिलं. बिडकीनचीच एक मैत्रीण शेजारी बसली होती. तिचा भाऊ कृष्णा त्याच कंपनीत कामाला. त्यानं घरबसल्या निकाल देऊन टाकला, की आमच्या कंपनीचं नाव आलं म्हणजे लॅपटॉप आमच्याकडून चोरलेला. पोरगी दोन दिवस कॉलेजला गेली नव्हती.

"आमच्या घरात कोणी दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नाय आजवर," नानासाहेब म्हणाले. "अन् माझ्या लेकीला चोर म्हणायलेत. तुझ्यामुळं."

सत्यशीलाला पोरीचं वाईट वाटलं, पण स्वतःचा अपमान त्याहून मोठा वाटत होता. त्या क्षणी तिची खात्री होती की घोळ पोरीनं नाहीतर कॉलेजनं घातला आहे. तिनं पेन ड्राइव्ह लावला, विंडोज नव्यानं टाकायला घेतलं, आणि होईस्तोवर नानासाहेबांना चहा पाजला. ते चहा प्यायले, पण बसले नाहीत. थोड्या वेळानं पडदा उजळला, भाषा विचारली, नाव विचारलं, आणि निळाशार डेस्कटॉप समोर आला. कंपनीचा मागमूस नाही.

"घ्या. दिसतंय का कुठं कंपनीचं नाव?"

नानासाहेब वाकून बघत होते. शेती करणारा माणूस, पण डोळा तिखट. "पोरीनं केलं तव्हा नेट चालू होतं. तू नेट लावलंच नाय. आता नेट लावून दाखव."

तिनं नेट लावून दाखवलं. तोच पेन ड्राइव्ह, तीच बटणं, फक्त सुरुवातीलाच वायफाय जोडलं. मशीननं क्षणभर विचार केल्यासारखं केलं, आणि कंपनीचं चिन्ह हसतमुखानं पुन्हा हजर झालं.

नानासाहेबांना सांगायच्या आधी तिला स्वतःलाच ते समजून घ्यावं लागलं. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप विंडोज बनवणाऱ्यांकडं स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात. ती नोंद लॅपटॉपात नसते, तिकडं दूर नेटवर असते. डिस्क पुसा, विंडोज नवीन टाका, काही फरक पडत नाही; नव्यानं सुरू होताना मशीनला नेट मिळालं की ते जाऊन विचारतं, मी कोणाचा? आणि उत्तर येतं, कंपनीचा. ही नोंद विकणाऱ्या कंपनीनं आपण होऊन काढायची असते. ती राहिली तर मशीन चालतं, वर्षभरही चालतं, पण ज्या दिवशी कोणी ते पुसून नेटवर सुरू करील त्या दिवशी अडकतं.

आणि दुकानाची रीत काय? विंडोज टाकताना नेट बंद. कारण नेट असलं की ते खातं काढ म्हणतं, अपडेट ओढत बसतं, आणि एका वायफायवर एवढी मशीनं घेऊन बसलं की सगळ्यांचीच सकाळ जाते. छोटीशी युक्ती करून ती पायरी ओलांडायची आणि डेस्कटॉप आला की मग नेट जोडायचं. रामहरीनं बाजारात शिकलेली रीत, सगळा बाजार तसंच करतो. सत्यशीला त्यानंतर कीबोर्डचं एकेक बटण दाबून बघायची, कॅमेरा, स्पीकर, वायर लावायची सगळी भोकं, डिस्कची तब्येत, बॅटरी, तास-तासभर मशीन तापवून पंखा ऐकायची. ओरखडे तर भिंगानं शोधायची. आणि ज्या एका दारातून कंपनी आत येणार होती ते दार तिनं कधी उघडून बघितलंच नव्हतं.

"चोरीचा नाहीये हा," ती अखेर म्हणाली. "पण चूक आमची हाय काका. मी तपासलंच नाही हे."

"मग काय करतीस?"

ती उत्तर देणार तेवढ्यात रामहरी खांद्यावर पार्टची पिशवी घेऊन वर आला. त्यानं पडदा बघितला, नानासाहेबांचा चेहरा बघितला, आणि बहिणीला बाजूला ओढलं.

"नेट बंद करून विंडोज टाक अन् पाठव परत," तो पुटपुटला. "वॉरंटी पार्टची हाय, सॉफ्टवेअरची नाय. तसं लिहिलंय आपण."

"दादा, ह्याला सॉफ्टवेअर म्हणतात? मालकीच दुसऱ्याच्या नावावर हाय!"

"हळू बोल. पैसे परत दे मग त्यांचे. ह्याच्यात आपण पुन्हा विंडोज टाकून इकू. पुसलं नाय तर मरेपर्यंत चालंल."

"अन् पुसलं तर?"

"पुसतंय कोण?"

त्या एका वाक्यानं सत्यशीलाचं डोकं फिरलं. संस्कृतीनं पुसलं होतं. पुढं कोणी दुकानदार पुसेल, कोणी विकायच्या आधी पुसेल, कोणाची परीक्षा चालू असताना मशीन बिघडेल आणि तो पुसेल. हा लॅपटॉप ज्या एकगठ्ठा लॉटमधून आला, त्यातले डझनभर लॅपटॉप तिच्या खरेपणाच्या वर्णनासकट घरोघरी गेले होते. तिनं तिथंच लॉट देणाऱ्या सोमनाथला फोन लावला. सोमनाथ म्हणजे वाळूजच्या कंपन्यांचा जुना माल लिलावात उचलून दुकानांना वाटणारा मध्यस्थ.

"चालू हायेत ना मशीनं?" सोमनाथ म्हणाला. "मग? मी चालू माल देतो. कोणाचं नाव कुठं लिवलंय ते बघायचं काम माझं नाय."

"मग कोणाचं हाय?"

"तुमचंच. तपासून इकता ना तुम्ही?" आणि त्यानं फोन ठेवला.

ह्या माणसाला वर्षानुवर्षं चहा पाजला होता. सत्यशीलानं फोन काउंटरवर आपटला. खरं बोलला होता मेला, तेच जास्त झोंबलं.

नानासाहेबांनी सगळं ऐकलं होतं. "पैसे नकोत मला," ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या नावावरचा डाग काढ. तू नाय तर कंपनी काढंल. चल वाळूजला. गाडी खाली हाय."

नानासाहेबांच्या बोलेरोत बसून दोघं वाळूजला गेली. दोघांनाही राग आला होता आणि तो एकमेकांवर काढायचा की कंपनीसाठी राखून ठेवायचा हे ठरत नव्हतं. गेटवर शिफ्टच्या बसगाड्या लागलेल्या. वॉचमननं पास, फोन, आधार करत बराच वेळ ताटकळत ठेवलं. शेवटी कॉम्प्युटर खात्यातले राजेंद्र नावाचे साहेब गेटशेजारच्या खोलीत आले, गळ्यात ओळखपत्र, हातात कॉफीचा कप.

त्यांनी बिल बघितलं, लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर बघितला. "हो, हा आमचाच होता. लिलावात विकलेला. चोरी वगैरे काही नाही."

नानासाहेबांनी दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास सोडला असावा. सत्यशीलानं मात्र पुढचं विचारलं, "मग नोंद का नाही काढली साहेब?"

"राहून गेलं असेल."

"एवढ्या सगळ्यांची?"

"अहो, ज्याच्याकडं ते काम होतं तो मुलगा सोडून गेला." राजेंद्र साहेबांनी खांदे उडवले. "तुमच्यासाठी करून देतो, त्यात काय."

ते आत गेले. कॉफी संपायच्या आत परत आले. नोंद काढली होती. थोडा वेळ जाऊ द्या, मग नेट लावून नव्यानं सुरू करा, म्हणाले. सत्यशीलानं तिथंच बाकावर बसून, फोनचं नेट देऊन ते केलं. कंपनीचं चिन्ह आलं नाही. कोणाही नव्या मशीनसारखी साधी भाषा विचारली गेली. एवढंच काम होतं. त्या एवढ्याशा कामापायी एक पोरगी तोंड लपवून घरात बसली होती, आणि ज्यानं ते करायचं त्याला ते आठवतही नव्हतं. सत्यशीलाला वाटलं, ह्याच्या कॉफीचा कप उचलून भिंतीवर मारावा.

तिनं फोनमधून बाकीच्या मशीनचे नंबर काढले. "साहेब, हेही त्याच लॉटचे. ह्यांच्याही काढा."

"सगळ्यांच्या? नाही, त्याला वरून परवानगी लागते. ज्याची तक्रार येईल त्याचं बघू."

"तक्रार यायची म्हणजे आधी कोणाचं तरी तोंड काळं व्हायचं! परवा ते ह्यांच्या पोरीचं झालं."

"बाई, आवाज कमी. विकताना तुम्ही तपासायला हवं होतं. तुमच्या दुकानाचं काम आम्ही का करायचं?"

दिवसात दुसऱ्यांदा तेच उत्तर. नानासाहेब पुढं सरले. "बरं, मला एका कागदावर लिहून द्या, हा माल चोरीचा नाय म्हणून."

"लेखी काही देता येत नाही काका." आणि साहेब आत गेले, कारण त्यांची मीटिंग होती.

बाहेर येऊन नानासाहेब बोलेरोच्या दाराला टेकून उभे राहिले. मशीन मोकळं झालं होतं, पण गावात लॅपटॉप फिरवून दाखवता येत नाही. "आता तूच चल बिडकीनला," ते म्हणाले. "माझं कोण ऐकणार? बाप तर पोरीची बाजू घेणारच. ज्यानं इकला त्यानं सांगावं."

निघायच्या आधी सत्यशीलानं रामहरीला फोन करून झालं ते सांगितलं.

"सुटला ना एक? बास मग," रामहरी म्हणाला. "बाकीच्यांना कामून उठवतीस झोपेतून? सगळे येतील परत घेऊन. दुकान बसंल शीला. दिवाळी होऊ दे, मग बघू."

सकाळची सत्यशीला असती तर तिनं फोनमध्ये आग ओतली असती. पण दिवसभर तीन माणसांशी भांडून तिचा घसा बसला होता, आणि दुकान बसणं म्हणजे काय हे तिला वर्णन न वाचताही कळत होतं. ती म्हणाली, "बघू." बोलेरोत बसल्यावर त्या शब्दाची चव तोंडात राहिली, तरी तिनं तो परत घेतला नाही.

बिडकीनला नानासाहेबांच्या ओसरीवर कृष्णाला बोलावणं गेलं. शिफ्ट करून आलेला, कंपनीच्या निळ्या शर्टातच. मागं त्याची बहीण, आणि काय तमाशा आहे बघायला गल्लीतली चार माणसं. संस्कृती दाराच्या आत उभी होती. सत्यशीलानं तिला पहिल्यांदाच बघितलं. पोरगी रडकी नव्हती, संतापलेली होती. ओठ घट्ट मिटलेले.

सत्यशीलानं सगळं सांगितलं. कंपनीनं लिलावात विकला, हे बिल. सोमनाथनं घेतला, हे बिल. आम्ही घेतला, हे बिल. कंपनीनं आपलं नाव काढलं नाही, आणि मी नेट लावून बघितलं नाही. "ह्या पोरीनं एकच गोष्ट केली," ती म्हणाली, "माझ्या बोलण्यावर इश्वास ठेवला. चोर कोणी असंल तर इथं नाही."

कृष्णानं बिलं उलटी-सुलटी करून बघितली. राजेंद्र साहेबांचं नाव ऐकल्यावर तो जरा नरमला. "मला काय माहीत," तो म्हणाला. "कंपनीचं नाव आलं म्हून म्हणालो."

"नाव आलं तर इचारायचं असतं," संस्कृतीनं दारातून सुनावलं. "ठोकायचं नसतं सगळ्या गावात."

कृष्णाची मान खाली गेली. गल्लीतली माणसं, काही विशेष निघालं नाही म्हणून की निघालं म्हणून, पांगली. नानासाहेबांनी चहा सांगितला आणि आता कुठं ते स्वतः खुर्चीत टेकले. काम झालं होतं. सत्यशीला पिशवी आवरायला लागली.

"ताई," संस्कृती बाहेर आली. "असे किती हायेत अजून?"

"आहेत थोडे."

"त्यांना सांगितलंत का?"

सत्यशीलानं पिशवीची चेन लावली, पुन्हा उघडली. "सांगणार आहे. त्यांचे चालू हायेत सध्या. दिवाळी झाली की..."

"माझापण चालूच होता," संस्कृती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वर्गातल्या साठ पोरांसमोर बंद पडायच्या आधी. तुम्ही त्या साहेबाशी भांडून आलात, तो राहून गेलं म्हणाला म्हणून. अन् तुम्ही ठरवून राहू देताय?"

"संस्कृती!" नानासाहेब ओरडले. "पाहुणी हाय ती."

सत्यशीलाला चटका बसला. सकाळपासून तिनं साऱ्या जगाचा राग केला होता. नानासाहेबांचा, सोमनाथचा, कॉफी पिणाऱ्या साहेबाचा, भावाचा. हक्काचा राग होता तो, आणि तो करताना तिला बरंही वाटत होतं. ह्या पोरीनं तो सगळा उचलून तिच्याच दारात आणून टाकला. साहेबाला निदान माहीत नव्हतं. तिला नंबरासकट माहीत होतं.

"ओरडू नका काका, खरं बोलतीय ती," सत्यशीला म्हणाली.

ती ओसरीच्या कडेला बसली आणि फोन काढला. यादीत पहिलं नाव पुंजाराम गुरुजींचं होतं, खुलताबादकडच्या एका शाळेत शिकवणारे. तिच्या वर्णनावर खूश होऊन त्यांनी दुकानात फोन करून शाबासकी दिली होती. रामहरीला विचारायचं तिच्या मनात आलं, आणि विचारलं तर तो काय म्हणेल तेही कळलं, म्हणून तिनं विचारलं नाही. रिंग वाजली. संस्कृती समोर उभीच राहिली.

"बोला ताई!" गुरुजींचा आवाज खणखणीत होता. "तुमचीच आठवण निघाली होती. लॅपटॉप लई भारी चाललाय. पोरं रोज त्याच्यावर धडे बघायलीत. मी आज तुमच्यासाठी चांगला रिव्ह्यू टाकणार व्हतो, पाच चांदण्यांचा."

"टाकू नका गुरुजी," सत्यशीला म्हणाली. "आधी ऐका. तुमच्या लॅपटॉपात एक दोष आहे, आणि तो मी तुम्हाला सांगितलेला नाही."